ग्लुकोज-डायरीचा साप्ताहिक तक्ता

मधुमेही व्यक्तीने घरच्या ग्लुकोमीटरवर तपासून वहीत लिहिलेले रक्तशर्करेचे आकडे दिवस आणि वेळ यांनुसार मांडून तयार केलेला एका आठवड्याचा तक्ता. डॉक्टरांच्या तपासणीआधी तो बहुधा परिचारिका, मधुमेह-समुपदेशक किंवा घरातले कोणी तयार करते. वहीत आकडे एकाखाली एक येतात, त्यामुळे आजची सकाळ कालच्या रात्रीला लागून दिसते, कालच्या सकाळीला नव्हे. तक्त्यात एका वेळेचे सात दिवसांचे आकडे एका स्तंभात येतात आणि रोज त्याच वेळी काय घडते ते दिसते. या रोज घडणाऱ्या गोष्टीलाच दवाखान्यात ‘पॅटर्न’ म्हणतात.

स्तंभ घड्याळाच्या तासांवर नव्हे, तर जेवणांवर बांधतात: उपाशीपोटी, नाश्त्यानंतर, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणानंतर. ‘नंतर’ म्हणजे पहिल्या घासापासून दोन तासांनी. हात धुतल्यापासून मोजले तर आकडा वेगळाच येतो. आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतात. परदेशातल्या मुलाने पाठवलेल्या मीटरवर ५.६ किंवा ७.८ असे दशांश दिसले, तर ते मिलीमोलमध्ये आहेत हे ओळखून १८ ने गुणावे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचे बहुतेक प्रौढांसाठीचे लक्ष्य जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असे आहे. वृद्धांसाठी ते सैल करतात. ७० च्या खालचा आकडा ‘कमी’ आणि ५४ च्या खालचा धोक्याचा.

पुढचे उदाहरण रचलेले असले, तरी त्यातले चित्र दवाखान्यात नेहमी दिसणारे आहे. दुकान चालवणारे साठीच्या आतले गृहस्थ सकाळ-संध्याकाळ ३०/७० मिश्र इन्सुलिन घेतात. त्यात ३० टक्के लवकर काम करणारे आणि ७० टक्के सावकाश काम करणारे इन्सुलिन असते.

| वार | उपाशी | नाश्त्यानंतर | दुपारी जेवणाआधी | रात्री जेवणाआधी | रात्री जेवणानंतर |
|---|---|---|---|---|---|
| सोम | १३८ | १९६ | ७४ | १२८ | २१२ |
| मंगळ | १४४ | – | ६३ | ११९ | – |
| बुध | १३१ | १८८ | ९२ | १४१ | २२६ |
| गुरु | १५२ | – | ६६ | २३८ | २०५ |
| शुक्र | १४० | – | ८८ | – | २१९ |
| शनि | १४९ | २०१ | ५८ | १३३ | – |
| रवि | १३६ | – | ११७ | १२६ | २४८ |
| मध्यक | १४० | १९६ | ७४ | १३१ | २१९ |
| ७० खाली | ० | ० | ३ | ० | ० |

या २८ आकड्यांची सरासरी १४७ येते. काही मीटर ती आपणहून दाखवतात आणि रुग्ण ती अभिमानाने सांगतो. पण ५८ आणि २४८ एकमेकांना झाकतात, म्हणून सगळ्या आठवड्याची एकच सरासरी तक्त्याखाली लिहूच नये. स्तंभवार मध्यक लिहावा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. गुरुवारच्या २३८ सारखा एखादा सुटा आकडा त्याला ओढून नेत नाही. मात्र मध्यकही ७० खालचे आकडे लपवू शकतो, म्हणून त्यांची मोजणी वेगळ्या ओळीत असते.

वाचताना पहिली नजर त्याच ओळीवर जावी, कारण कमी साखर तातडीची. दुपारच्या स्तंभात मंगळ, गुरु आणि शनि हे तीन आकडे ७० खाली आहेत. एका स्तंभात एकाच दिशेला तीन आकडे गेले की योगायोग म्हणून सोडून देत नाहीत. वहीच्या समासात या दिवसांचे कारणही सापडते: मंगळवार-शनिवार बाजाराचे, जेवायला दोन वाजून गेले, गुरुवारी उपवास. सकाळी साडेसातला टोचलेल्या मिश्र इन्सुलिनमधला सावकाश भाग साधारण चार ते दहा तासांदरम्यान जोरात असतो, म्हणजे दोन वाजता तो ऐन भरात असतो आणि पोटात काही नसते. गुरुवारचे २३८ हे त्या ६६ चेच पुढचे पान: साखर घातलेले सरबत, मग पाच वाजता साबुदाण्याची खिचडी. तो आकडा खोडायचा नाही, पण पॅटर्नमध्येही धरायचा नाही. शेजारी कारण लिहायचे. समासाशिवायचा तक्ता माझ्या मते अर्धाच आहे, मग तो कितीही रंगीत छापलेला असो.

दुसरा पॅटर्न रात्रीच्या जेवणानंतरचा: पाचही आकडे २०० च्या वर. संध्याकाळचा डोस वाढवावा असे लगेच वाटते. इथे तक्त्याच्या रचनेतला एक दोष आड येतो. ओळ मध्यरात्री तुटते, त्यामुळे रात्रीचा आकडा आणि त्यानंतरची सकाळ वेगवेगळ्या ओळींत पडतात. त्यांची जोडी तिरकी लावावी लागते: सोमवारचे २१२ ते मंगळवारचे १४४, बुधवारचे २२६ ते गुरुवारचे १५२, गुरुवारचे २०५ ते शुक्रवारचे १४०, शुक्रवारचे २१९ ते शनिवारचे १४९. म्हणजे रात्रभरात साखर दरवेळी ६५ ते ७४ ने उतरते. काही उतार जेवणाचा चढ ओसरल्याचा, काही सावकाश इन्सुलिनचा. सकाळची साखर किंचित चढी दिसते, पण ती रात्री चढलेली नाही. ती उंचावरून उतरून तिथे आली आहे. मिश्र इन्सुलिनचा डोस वाढवला की त्याचे दोन्ही भाग वाढतात, आणि पहाटे दोन-तीनच्या सुमाराला काय होईल हे या तक्त्यात कुठेच नाही. त्या वेळचे दोन-तीन आकडे मिळेपर्यंत जेवणातला भात, चपात्या आणि जेवणाची वेळ यांकडे आधी पाहिले जाते. डोसचा निर्णय डॉक्टरांचा. तक्ता करणाऱ्याने तिथे शिफारस लिहू नये, जोड्या मात्र लिहून द्याव्यात.

तक्ता मांडण्याआधी वही खरी आहे का हे पाहावे लागते. सगळे आकडे ११०, १२०, १३० असे गोल, एकाच पेनाने आणि एकाच दमात लिहिलेले असतील, तर मीटरची स्मृती उघडावी. १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वही आणि मीटरची स्मृती ताडून पाहिली, तेव्हा न तपासलेले आकडे लिहिलेले आणि तपासलेले वगळलेले, असे दोन्ही आढळले. दोष नेहमी रुग्णाचा नसतो: बॅटरी बदलल्यावर मीटरचे घड्याळ बारा तासांनी चुकले, की सकाळचा आकडा रात्रीच्या स्तंभात जातो. आंबा कापलेल्या हाताने तपासले तरी साखर खोटीच वर दिसते. पडद्यावर `LO` किंवा `HI` आले, तर तसेच लिहावे. अंदाजाने आकडा घालू नये.

मीटरचीही मर्यादा आहे. २०१३ च्या आयएसओ मानकानुसार १०० च्या वरच्या मापनांपैकी ९५ टक्के मापने प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के आतबाहेर असली तरी चालतात. १०० च्या खाली ही सूट १५ मिलिग्रॅमची. म्हणून १३६ आणि १४४ यांतला फरक वाचत बसण्यात अर्थ नाही. तसेच रिकामे चौकोन भरू नयेत. वरच्या तक्त्यात नाश्त्यानंतरचे तीनच आकडे आहेत. ते तिन्ही १८० च्या वर असले तरी त्यांच्यापुढे ‘तीनच नोंदी’ असे लिहून पुढच्या आठवड्यात तो स्तंभ भरून आणायला सांगतात.