अर्धवट राहिलेल्या सामन्याचा अहवाल

पूर्ण न झालेल्या सामन्याचा निकाल केवळ धावफलकावरून ठरत नाही. खेळ कोणत्या कारणाने थांबला, तो पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला की नाही आणि थांबण्यास जबाबदार कोण, हे आधी निश्चित व्हावे लागते. सामनाधिकाऱ्याचा लेखी अहवाल त्यासाठीच असतो. खेळ थांबला तेव्हाची गुणस्थिती, घडलेल्या घटनांची वेळेसह नोंद आणि निकालाविषयीचे मत, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. यातील पहिला भाग सोपा आणि दुसरा कठीण. तिसरा भाग दुसऱ्यावरच उभा असतो.

कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १३ मार्च १९९६ रोजी झालेला विश्वचषकाचा उपांत्य सामना भारतीय वाचकाला विसरणे कठीण. श्रीलंकेने ८ बाद २५१ धावा केल्या होत्या. सचिन तेंडुलकर ६५ धावांवर यष्टिचीत झाला तेव्हा भारत २ बाद ९८ होता. तेथून डाव कोसळला. खेळ थांबला तेव्हा ३४.१ षटकांत ८ बाद १२० अशी स्थिती होती. विजयासाठी ९५ चेंडूंत १३२ धावा हव्या होत्या, हाती दोन गडी होते आणि विनोद कांबळी १० धावांवर नाबाद होता. गुणस्थितीचा भाग एवढाच. त्यात वाद होण्यासारखे काही नाही.

घटनांचा भाग मात्र याहून महत्त्वाचा ठरला. प्रेक्षकांनी मैदानावर बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ झाली. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी दोन्ही संघांना आत बोलावले. सुमारे पंधरा मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला, पण बाटल्या पुन्हा येऊ लागल्या. त्यानंतरच लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. हा दुसरा प्रयत्न नोंदीत असणे निर्णायक आहे. तो झालाच नसता, तर निर्णय घाईचा होता, असे म्हणायला यजमानांना जागा राहिली असती. पावसाने खेळ थांबला असता तर षटकांचे आणि धावगतीचे गणित मांडावे लागले असते. येथे मात्र यजमान संघाच्याच प्रेक्षकांमुळे खेळ अशक्य झाला होता. म्हणूनच श्रीलंकेच्या विजयापुढे धावांचे अंतर लिहिलेले नाही. प्रतिस्पर्ध्याच्या कसुरीमुळे मिळालेला विजय अशीच त्याची नोंद आहे.

कारण बदलले की निकालही बदलतो. दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर २७ डिसेंबर २००९ रोजी भारताविरुद्ध श्रीलंकेची अवस्था २३.३ षटकांत ५ बाद ८३ अशी होती. चेंडू वेडावाकडा उसळत होता आणि फलंदाजांना इजा होण्याचा धोका होता, म्हणून सामना रद्द झाला. यजमानांची खेळपट्टी सदोष असली, तरी दोष भारतीय संघाचा नव्हता आणि दुसरा डाव सुरूही झाला नव्हता. त्यामुळे विजय कोणालाच दिला गेला नाही. सामनाधिकारी ॲलन हर्स्ट यांच्या अहवालानंतर शिक्षा झाली ती मैदानाला: बारा महिन्यांची बंदी.

फुटबॉलमध्ये पंचाचा अधिकार वेगळा आहे. तेथे नियमानुसार मध्येच सोडलेला सामना पुन्हा खेळवायचा असतो. स्पर्धेच्या नियमांत किंवा आयोजकांच्या निर्णयात अन्यथा ठरले असेल तेवढाच अपवाद. पंचाने घटना कळवायच्या, पुढचा निर्णय आयोजकांचा. मात्र गोल झाला की नाही, अशा खेळातील वस्तुस्थितीवर पंचाचा शब्द अंतिम असतो. बेंगळुरूत ३ मार्च २०२३ रोजी इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीच्या सामन्यात अतिरिक्त वेळेत सुनील छेत्रीने प्रतिस्पर्धी सावरण्यापूर्वीच फ्री किक घेतली आणि गोल केला. पंचांनी तो ग्राह्य धरला आणि केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. केरळने सामना पुन्हा खेळवण्याची मागणी केली, पण भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने ती फेटाळली. गोल योग्य होता का, या वादापेक्षा संघ स्वेच्छेने बाहेर गेला, ही गोष्ट येथे वजनदार ठरली. बेंगळुरूचा १-० असा विजय कायम राहिला आणि केरळला चार कोटी रुपयांचा दंड झाला.

अशा अहवालात सर्वांत जास्त घोटाळा होतो तो शब्दांमुळे. ‘संघाने खेळण्यास नकार दिला’ हा निष्कर्ष आहे; ‘कर्णधाराला इतक्या वाजता खेळ सुरू करण्यास सांगितले, संघ इतक्या मिनिटांनंतरही मैदानात आला नाही’ ही घटना आहे. अपिलात पहिले वाक्य सहज खोडून काढता येते. दुसऱ्याला उत्तर द्यायचे तर घड्याळ आणि साक्षीदार आणावे लागतात. प्रेक्षकांचा गोंगाटही नुसता ‘गोंधळ’ म्हणून लिहून भागत नाही. काय फेकले गेले, कोणाला लागले, पोलिसांनी मैदान सुरक्षित असल्याचे सांगितले की नाही, हे लिहावे लागते आणि तेही पंच, गुणलेखक आणि संघ व्यवस्थापक मैदानावरून पांगण्यापूर्वी त्यांच्याकडून पडताळून.