कोरडं तोंड ही वयाची देणगी नव्हे

सत्तरी ओलांडली की तोंड कोरडं पडायचंच, घोटभर पाणी प्यावं, खडीसाखर चघळावी, असा सल्ला घरोघरी मिळतो. त्याला थोडा आधार आहे. वयानुसार लाळग्रंथींतल्या लाळ तयार करणाऱ्या पेशी खरोखरच घटतात. पण ग्रंथींची राखीव क्षमता मोठी असते, त्यामुळे निरोगी वृद्धांना घास चावताना सुटणारी लाळ फारशी कमी होत नाही. ती आटते तेव्हा पहिला संशय औषधांवर घ्यायला हवा.

एक उदाहरण घेऊ. ७२ वर्षांच्या आजी लघवीची घाई आवरण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन घेतात, पायांच्या जळजळीसाठी रात्री अमिट्रिप्टिलिन आणि सर्दी झाली की क्लोरफेनिरामिन. तीन दुखणी, तीन औषधं. पण लाळ सोडण्याचा जो संदेश मज्जातंतू ॲसिटिलकोलिनमार्फत ग्रंथींना देतात, तो ही तिन्ही अडवतात. परिणामांची बेरीज होते आणि भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेनासा होतो.

अशा वेळी खडीसाखर घातक ठरते. हिरड्या मागे सरकल्याने दातांची मुळं उघडी पडलेली असतात. दाताचं वरचं कवच साधारण ५.५ सामूला विरघळू लागतं, मूळ मात्र ६.२ ते ६.५ च्या आसपासच, म्हणजे कितीतरी सौम्य आम्लात. साखरेपासून जंतूंनी केलेलं आम्ल लाळ एरवी शमवते आणि कॅल्शियम, फॉस्फेट दाताला परत देते. पाणी तोंड ओलं करतं, पण हे काम करू शकत नाही. मग हिरडीलगत तपकिरी, मऊ कड दिसू लागते. ती खोल गेली की दात मुळाशी तुटतो. लिंबाच्या गोळीत तर आम्लही आयतंच असतं.

म्हणून उपाय औषधांच्या यादीपासून सुरू व्हावा. सर्दीच्या गोळीसह सगळी औषधं डॉक्टरांपुढे ठेवावीत. मनाने एकही बंद करू नये. लघवीच्या घाईवर मिराबेग्रॉन वेगळ्या मार्गाने काम करतं आणि तोंड क्वचितच कोरडं करतं, मात्र रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं.

दातांसाठी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट दोन वेळा वापरावी. रात्री घासल्यावर फेस थुंकावा, चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड मुळांवर टिकतं. झोपेत लाळ आधीच कमी झालेली असते, म्हणून ही वेळ महत्त्वाची. धोका जास्त असेल तर दंतवैद्य दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचा लेप लावू शकतात. खडीसाखरेऐवजी झायलिटॉलचा बिनसाखरेचा च्युइंगगम चघळावा. ग्रंथी शाबूत असतील तर त्याने लाळ सुटते. कवळी रात्री काढून ठेवावी.

औषध बदलूनही कोरड राहिली, डोळेही कोरडे वाटले, तर मधुमेह आणि शोग्रेन या आजारांची तपासणी करावी. पण त्याआधी एक साधी गोष्ट पाहावी: कोरड कधी सुरू झाली आणि त्याच सुमारास कोणती गोळी सुरू झाली. वयाला दोष देताना हा प्रश्नच विचारायचा राहून जातो.