सात, सप्ताह आणि हप्ता
मराठीत ‘सात’, ‘सप्ताह’ आणि ‘हप्ता’ एकाच घरात नांदतात. आले मात्र तीन वाटांनी. संस्कृत ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ झाले, मराठीत ‘सात’. हस्त-हत्थ-हात, कर्ण-कण्ण-कान हेही त्याच चालीने. अशी नियमित चाल हाच भाषाकुळाचा पुरावा. ‘सप्ताह’ मागाहून पोथीतून जसाच्या तसा उचलला. उसने शब्द मोजून कुळ ठरत नाही. कानडीतही ‘सप्ताह’ आहे, पण सातला ती ‘एळु’ म्हणते आणि हाताला ‘कै’. ती द्राविडी. ‘हप्ता’ फारसीतला. तिथे सात म्हणजे ‘हफ्त’. संस्कृत ‘स’च्या जागी इराणकडे अनेकदा ‘ह’ येतो, जसा ‘सिंधु’चा ‘हिंदु’. म्हणजे माझ्या आजीचा उधारीचा हप्ता आणि शेजारच्या देवळातला नामसप्ताह चुलतभाऊच निघाले!