शूटिंगच्या दिवसाचं कॉल शीट : पावसाचा पर्याय धरून कसं लिहावं?

बेळगाव : जुलैत शूटिंग ठरवलं की पाऊस येणार हे धरूनच चालावं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच शॉर्टफिल्मवाल्यांच्या कॉल शीटवर तळाशी एकच ओळ असते, 'पाऊस आल्यास आत शूट करू'. पण आत म्हणजे कुठं, कुठला सीन, कोण कलाकार, हे कुणालाच ठाऊक नसतं. मग गाडीभाडं, जेवण आणि कॅमेऱ्याचं भाडं जातं, हाती काहीच लागत नाही.

कॉल शीट म्हणजे उद्या कुणी, कुठं, किती वाजता, काय घेऊन यायचं याचा एक-दोन पानी कागद. एक नमुना पाहू. सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर सीन ४ (आजी आणि दहा वर्षांची नात) व सीन ७ (एकटी आजी). दुपारी शहापुरातल्या वाड्यात सीन २ (आजी आणि बाबा).

वेळ उलटी मोजा

पहिला शॉट ७.३० ला हवा. कॅमेरा लावायला तास-सव्वा तास लागतो, म्हणून युनिट ६.१५ ला गडाच्या पायथ्याशी हवं आणि गाडी ५.३० ला शहरातून सुटायला हवी. आजी-नातीचा मेकअप पाऊण तासाचा, त्यांना ६.४५. बाबांना थेट वाड्यावर १.३०. सगळ्यांना एकच वेळ दिली तर बाबा अर्धा दिवस नुसते बसून राहतात. म्हणून प्रत्येकाच्या नावापुढं त्याची स्वतःची वेळ लिहा.

लहान मुलांचा नियम विसरू नका. चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही लागते. म्हणून शीटवर स्पष्ट लिहायचं: नात ६.४५ ते ११.४५, नाष्टा आणि विश्रांती ९.१५ ते ९.४५. तिचा सीन ४ आधी, एकट्या आजीचा सीन ७ नंतर.

पावसाचा पर्याय

इथं चार गोष्टी लागतात: निर्णय कोण घेणार, किती वाजता, कुठं जायचं आणि कुठला सीन करायचा.

नमुन्यात निर्णय दिग्दर्शकाचा, वेळ पहाटे ५.०० वाजता, म्हणजे गाडी सुटण्याआधी. हवामान खात्याचा ताजा अंदाज बघा आणि गडाजवळच्या ओळखीच्या माणसाला फोन करा. शहरात कोरडं असलं तरी वर धुकं असू शकतं. पाऊस असेल तर सगळे थेट वाड्यावर. नातीची वेळ तीच, ६.४५. तिच्यासोबत माजघरातला सीन ९, जो एरवी पुढच्या रविवारी होता. त्यानंतर सीन २, त्यासाठी बाबांना १०.३०. म्हणजे बाबांच्या नावापुढं दोन वेळा लागतात: '१.३०, पाऊस असल्यास १०.३०'. ही दुसरी वेळ राहिली की पर्याय असूनही सगळे बाबांची वाट बघत बसतात. दुपारी उघडीप मिळाली तर सीन ७ गडावर होतो, फक्त सीन ४ पुढं ढकलावा लागतो.

वाडा सकाळपासून मोकळा ठेवायला मालकांना आधीच सांगा. छप्परही बघून घ्या. पत्र्यावर पावसाचा आवाज एवढा होतो की संवाद रेकॉर्ड होत नाहीत. तशा खोलीत कमी बोलण्याचा सीन ठेवा, नाहीतर स्लॅबखालची खोली घ्या.

गडावर असताना गडगडाट ऐकू आला तर काम थांबवून सगळ्यांनी गाडीत बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही, हेही शीटवर लिहा.

सामान सीनवार

सीन ४ : काठी, लाल छत्री, पत्र (दोन प्रती).
सीन ७ : काठी, पितळेचा डबा.
सीन २ : चहाचे कप, चष्मा.
सीन ९ (पाऊस) : ट्रंक, जुने फोटो.

प्रत्येक वस्तूपुढं ती आणणाऱ्याचं नाव हवं. सीन ९ ची ट्रंक आदल्या रात्रीच वाड्यावर पोचवा. कथेत सीन ४ आणि ९ एकाच दिवसाचे आहेत, म्हणून नातीचा तोच फ्रॉक दोन नग घ्या. एक भिजला तर दुसरा कोरडा राहतो.

संपर्क

पन्नास नंबर नकोत. दिग्दर्शक, प्रॉडक्शन सांभाळणारा, गाडीचालक, वाड्याचे मालक आणि नातीचे पालक एवढे पुरे. खाली जवळचं इस्पितळ आणि ११२. गडावर रेंज जाऊ शकते, म्हणून दोन छापील प्रती गाडीत ठेवा.

शीट आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत ग्रुपवर टाका आणि प्रत्येकाकडून 'मिळालं' असं उत्तर घ्या. नंतर बदल झाला तर वर 'सुधारित २' आणि वेळ लिहा, नाहीतर अर्धे लोक जुन्याच शीटवर चालतात.