निवडक कालावधीचा डेटा सीएसव्ही फाईलमध्ये उतरवून घेणे

डॅशबोर्डवर किंवा संवेदकाच्या (सेन्सरच्या) नोंदवहीत साठलेल्या सर्व नोंदी न घेता, आरंभ आणि अंत ठरवून त्यांमधल्या तेवढ्याच नोंदी सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे प्रत्येक ओळीत एक नोंद आणि स्वल्पविरामांनी विभागलेली मूल्ये अशा साध्या मजकूर-फाईलमध्ये, उतरवून घेण्याची क्रिया. या क्रियेत अचूकता मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते: वेळ कोणत्या प्रमाणवेळेत मोजली आहे, सीमेवरची नोंद कोणत्या बाजूला धरली आहे आणि उतरलेल्या ओळी मूळ नोंदी आहेत की त्यांच्या सरासऱ्या.

मुंबईत कालावधी अचूक ठरवण्याचा प्रश्न पावसाच्या मोजणीत स्पष्ट दिसतो. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत, 27 जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या 24 तासांत, सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मि.मी. पावसाची नोंद झाली, तर कुलाब्यात ती सुमारे 73 मि.मी. एवढीच होती. मुंबईतील प्रभादेवी हा भाग या दोन वेधशाळांच्या मधल्या पट्ट्यात येत असल्याने दोन्ही आकड्यांपैकी कोणताही आकडा तेथील पावसाचे वर्णन करू शकत नाही, आणि म्हणून स्थानिक पर्जन्यमापकाच्या नोंदींना महत्त्व येते. मात्र अशा नोंदींची वेधशाळेशी तुलना करायची, तर कालावधीही तोच घ्यावा लागतो. भारतीय हवामान विभाग दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतो; ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार (यूटीसीनुसार) पहाटे तीनची असते. मध्यरात्र ते मध्यरात्र असा कालावधी घेतल्यास एकाच पावसाची विभागणी वेगळ्या तारखांत होते.

उदाहरणार्थ, प्रभादेवीतील एखाद्या इमारतीच्या गच्चीवरील पर्जन्यमापक दर मिनिटाला त्या मिनिटातील पाऊस थिंगस्पीक या सेवेकडे पाठवतो असे मानल्यास, 27 जुलै 2025 च्या सकाळी संपणाऱ्या दिवसाचा डेटा पुढील पत्त्याने मिळतो. त्यात CHANNEL_ID च्या जागी त्या चॅनेलचा क्रमांक घालावयाचा असतो, आणि चॅनेल खासगी असल्यास वाचन-किल्लीही (api_key) जोडावी लागते.

```
https://api.thingspeak.com/channels/CHANNEL_ID/feeds.csv?start=2025-07-26%2008:30:01&end=2025-07-27%2008:30:00&timezone=Asia/Kolkata
```

येथील timezone हा भाग गाळल्यास दिलेल्या वेळा जागतिक प्रमाणवेळेच्या समजल्या जातात. मग फाईल सकाळी साडेआठऐवजी दुपारी दोनला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला संपते, आणि ओळींची संख्या मात्र बरोबर असल्याने चूक सहज लक्षात येत नाही. ती ओळखण्यासाठी created_at या स्तंभातील पहिली वेळ आणि तिच्यापुढे +05:30 आहे की UTC हे पाहावे लागते. आरंभाच्या वेळेत एक सेकंद वाढवण्याचे कारण असे, की ठीक साडेआठची नोंद तिच्या आधीच्या मिनिटातील पाऊस सांगते, म्हणून ती मागील दिवसाची असते. दोन्ही टोकांना 08:30:00 लिहिल्यास लागोपाठच्या दोन फाईलींत तीच नोंद येऊन एकूण बेरजेत दोनदा धरली जाण्याची शक्यता असते.

मिनिटाला एक याप्रमाणे 24 तासांच्या 1440 ओळी अपेक्षित असतात. त्यांहून बऱ्याच कमी आल्यास वीज किंवा इंटरनेट खंडित झाले असावे. अशा रिकाम्या काळाला शून्य पाऊस समजू नये. थिंगस्पीक एका मागणीला जास्तीत जास्त 8000 नोंदी देते. त्या दर मिनिटाच्या डेटाच्या साधारण साडेपाच दिवसांएवढ्याच भरतात, म्हणून महिन्याचा डेटा पाच-पाच दिवसांच्या तुकड्यांत घेऊन जोडावा लागतो.

ग्राफाना या डॅशबोर्डमध्ये उजव्या कोपऱ्यातील वेळ-निवडकातून कालावधी ठरवून, पॅनेलच्या मेनूतील Inspect, Data व Download CSV या क्रमाने फाईल मिळते. तथापि ही फाईल त्या पॅनेलसाठी मागवलेल्या डेटाची असते, आणि कालावधी लांबला की आलेखात मावतील एवढेच बिंदू मागवण्यासाठी अनेक पॅनेलांत मूळ नोंदींच्या सरासऱ्या काढलेल्या असतात. दहा मिनिटांच्या सरासरीच्या ओळींची बेरीज केल्यास पाऊस प्रत्यक्षाच्या दशांश निघतो. म्हणून तेथे सरासरीऐवजी बेरीज निवडणे किंवा कालावधी आखूड करणे आवश्यक ठरते. लागोपाठच्या दोन ओळींमधील अंतर संवेदकाच्या नोंदीच्या अंतराएवढे नसेल, तर ती फाईल मूळ नोंदींची नसण्याचीच शक्यता अधिक असते, आणि पावसाच्या एकूण बेरजेसाठी ती तशीच वापरू नये.