मजकूररूप तारखांचे रूपांतर आणि आर्थिक वर्षानुसार गटवारी

एक्सेलसारख्या तक्त्यात तारीख म्हणून दिसणारी, पण प्रत्यक्षात निव्वळ अक्षरे असलेली नोंद मोजता येईल अशा खऱ्या तारखेत बदलणे आणि मग एप्रिल ते मार्च या वर्षाप्रमाणे नोंदींचे गट पाडणे, अशी ही दुहेरी प्रक्रिया आहे. एक्सेलच्या दृष्टीने खरी तारीख म्हणजे एक क्रमांक. विंडोजवरील नेहमीच्या पद्धतीत १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजले जातात, त्यानुसार १ एप्रिल २०२४ चा क्रमांक ४५३८३ येतो. सेलमध्ये दिसते ती त्या क्रमांकाची केवळ सजावट. मजकूररूप तारखेच्या पोटात असा क्रमांक नसतो. म्हणून ती क्रमाने लावता येत नाही, तिच्यातून महिना भरवशाने काढता येत नाही आणि ती कोणत्याही वर्षाच्या बेरजेत धरता येत नाही. हे काम योग्य सूत्र सापडले की संपते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे: सूत्र हा कामाचा सोपा भाग असून अवघड भाग पुराव्याचा आहे, आणि तो पुरावा रूपांतराच्या क्षणी नष्ट होऊ शकतो.

अडचणीचे मूळ दिवस आणि महिना यांच्या क्रमात आहे. भारतात दिवस आधी लिहितात, अमेरिकेत महिना आधी. एक्सेल यांपैकी कोणता क्रम धरणार, हे संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरते. सेटिंग अमेरिकी असलेल्या संगणकावर खरेदी बिलांची CSV फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडली असे समजू. `25/04/2023` ही नोंद वाचताना २५ वा महिना नसल्याने एक्सेल तिला तशीच सोडते; ती मजकूर राहते आणि सेलच्या डाव्या कडेला चिकटते. `04/01/2024` मात्र बिनतक्रार स्वीकारली जाते. ४ जानेवारीचे बिल १ एप्रिलचे होते, ४५३८३ हा क्रमांक घेते आणि उजव्या कडेला जाऊन बसते. पाहणाऱ्याला डावीकडची नोंद बिघडलेली आणि उजवीकडची दुरुस्त वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट असते. जी नोंद मजकूर राहिली तिच्यातली माहिती शाबूत आहे, जिचे रूपांतर यशस्वी झाले ती चुकली आहे. शिवाय ४ जानेवारी २०२४ हे आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये येते, तर १ एप्रिल २०२४ हा २०२४-२५ चा पहिला दिवस. एका अदलाबदलीने बिल एका वर्षाच्या हिशेबातून दुसऱ्या वर्षाच्या हिशेबात गेले.

असे किती वेळा होऊ शकते, हे नेमके मोजता येते. दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी असेल आणि तो महिन्याच्या आकड्याएवढा नसेल, तरच नोंद दोन प्रकारे वाचता येते. अशा तारखा वर्षात १३२ असतात. त्यांपैकी सगळ्याच आर्थिक वर्ष बदलत नाहीत. `05/06/2023` ही ५ जून असो वा ६ मे, वर्ष २०२३-२४ च राहते. वर्ष बदलते ते एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांच्या १, २ आणि ३ तारखांना, म्हणजे २७ दिवशी. आणि जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांच्या ४ ते १२ तारखांना, म्हणजे आणखी २७ दिवशी. पहिल्या गटातील बिले मागच्या वर्षात सरकतात, दुसऱ्या गटातील पुढच्या वर्षात. दोन्ही बाजूंना सारखेच दिवस जातात म्हणून चुका परस्पर फिटतात, असा युक्तिवाद येथे होऊ शकतो. तो टिकत नाही, कारण दिवसांची संख्या सारखी असली तरी त्या दिवसांच्या रकमा सारख्या नसतात. महिन्याच्या १ तारखेला भाडे, हप्ते आणि करारांची बिले लागतात. ती सगळी एकाच दिशेने सरकतात.

याच गणितातून चूक ओळखण्याची एक खूण मिळते. फाइलमध्ये फक्त २०२३-२४ ची बिले असतील आणि गटवारीत २०२२-२३, २०२३-२४, २०२४-२५ अशी तीन वर्षे उगवली, तर अदलाबदल झाल्याचा दाट संशय घ्यावा. फाइल अनेक वर्षांची असेल तर अशी जादा वर्षे फक्त दोन टोकांना दिसतील, मधली सरमिसळ झाकलेली राहील. दुसरी खूण याहून पक्की आहे. रकान्यात `ISNUMBER` लावून नोंदींचे दोन ढीग करावेत. क्रमांक झालेल्या ढिगात एकाही तारखेचा दिवस १२ च्या वर नसेल आणि मजकूर राहिलेल्या, तिरप्या रेघांच्या ढिगात प्रत्येक नोंदीचा पहिला आकडा १२ च्या वर असेल, तर फाइल उलट्या क्रमाने वाचली गेली आहे, हे जवळजवळ सिद्ध होते.

मग क्रमांक झालेल्या तारखांचा दिवस आणि महिना पुन्हा उलटवला की झाले, हा त्यावरचा सर्वांत प्रचलित उपाय. रकान्यात एकच लेखनपद्धत असेल तर तो चालतो. पद्धती मिसळलेल्या असतील तर तोच घात करतो. त्याच रकान्यात `2023-11-07` आणि `7-Nov-23` याही नोंदी असतील, तर अमेरिकी सेटिंगमध्येही त्या ७ नोव्हेंबर अशाच बरोबर वाचल्या जातात. सरसकट उलटवले की त्या ११ जुलै होतील. कोणती तारीख आधीच बरोबर होती आणि कोणती उलटली होती, हे क्रमांक सांगू शकत नाही, कारण मूळ अक्षरे त्याच्यात उरलेली नसतात. म्हणून दुरुस्ती बिघडलेल्या तक्त्यात न करता मूळ फाइलवर परत जावे. `Data` मधील `From Text/CSV` ने फाइल आणावी, `Transform Data` निवडून आपोआप पडलेली `Changed Type` ही पायरी काढावी आणि तारखेचा रकाना मजकूर म्हणूनच तक्त्यात उतरवावा. खरी तारीख शेजारच्या नव्या रकान्यात काढावी, मूळ रकाना पुसू नये.

मजकूर हाती असला की लेखनपद्धतीप्रमाणे वाटा करता येतात. मूळ नोंद `A2` मध्ये आहे असे धरले, तर वर्ष आधी असलेल्या आणि दिवस आधी असलेल्या दहा अक्षरी नोंदींसाठी पुढील सूत्र पुरते. दिवस आधी असलेल्या नोंदींत तिरपी रेघ, टिंब किंवा आडवी रेघ यांपैकी काहीही मध्ये असले तरी फरक पडत नाही; वर्ष आधी असलेल्या नोंदींत मात्र आडवी रेघच हवी.

```
=IF(MID(A2,5,1)="-",
  DATE(LEFT(A2,4),MID(A2,6,2),RIGHT(A2,2)),
  DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

`7-Nov-23` सारखी नोंद या सूत्रात `#VALUE!` देते. ही त्रुटी इष्टच आहे: ओळखता न आलेली नोंद बाजूला पडते आणि महिन्याचे नाव असल्याने तिच्यासाठी `DATEVALUE` निर्धोकपणे वापरता येते. खरा धोका जेथे त्रुटी येत नाही तेथे आहे. `DATE` हे फंक्शन अशक्य महिना नाकारत नाही, पुढे ढकलते. एखादी नोंद अमेरिकी पद्धतीने `04/25/2024` अशी लिहिलेली असली, तर सूत्र २०२४ चा २५ वा महिना धरते आणि उत्तर ४ जानेवारी २०२६ असे देते. `31/02/2024` असेल तर २ मार्च. म्हणून निघालेल्या तारखेतून दिवस आणि महिना पुन्हा काढून मूळ अक्षरांशी ताडून पाहावेत. दिवस आधी असलेल्या नोंदींसाठी ही तपासणी अशी होते:

```
=AND(DAY(B2)=--MID(A2,1,2),MONTH(B2)=--MID(A2,4,2))
```

जेथे उत्तर `FALSE` येते, त्या ओळी हाताने पाहायच्या. पण ही तपासणी फक्त अशक्य तारखा पकडते. `04/01/2024` दोन्ही अर्थांनी शक्य असल्याने तिच्यातून सुटते. तेथे निकाल एकट्या नोंदीवरून लागत नाही, तिच्या स्रोतावरून लागतो. एकाच ठिकाणाहून आलेल्या नोंदींत कोठेही पहिला आकडा १२ च्या वर असेल तर त्या स्रोतात दिवस आधी आहे. दुसरा आकडा १२ च्या वर असेल तर महिना आधी. दोन्ही आढळले तर स्रोत एक नसून दोन आहेत, आणि ते आधी वेगळे करायला हवेत. एखाद्या नोंदीचा स्रोत कळत नसेल तर क्रमाचा आधार घ्यावा. समजा, आपणच दिलेल्या बिलांत ३११ क्रमांकाचे बिल `25/12/2023` चे, ३१८ क्रमांकाचे `04/01/2024` चे आणि ३२६ क्रमांकाचे `15/01/2024` चे आहे. क्रमांक आणि तारखा बरोबरीने वाढत असतील, तर मधली तारीख ४ जानेवारीच असणार.

भारतातले सगळे लोक दिवस आधी लिहितात, मग एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. लिहिणारा माणूस भारतीय असला तरी फाइल बाहेर काढणारे सॉफ्टवेअर आपल्या सेटिंगप्रमाणे तारीख छापते, आणि माणसाने भरलेला व यंत्राने काढलेला मजकूर पुढे एकाच रकान्यात चिकटवला जातो. दुसरा आक्षेप पायथॉन वापरणाऱ्यांचा असतो: पांडाज या लायब्ररीत `dayfirst=True` लिहिले की प्रश्न मिटतो. तो पर्याय प्राधान्य सांगतो, सक्ती करत नाही. दिवस आधी घेऊन तारीख जमत नसेल तर महिना आधी घेतला जाऊ शकतो. `format="%d/%m/%Y"` असे नेमके रूप दिले, तरच न जुळणारी नोंद नाकारली जाते.

खरी तारीख हाती आली की गटवारी सोपी आहे. ब्रिटिश काळात, १८६७ पासून, भारत सरकारचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. तारीख तीन महिने मागे नेली की तिचे कॅलेंडर वर्ष हेच आर्थिक वर्षाचे आरंभीचे वर्ष ठरते:

```
=YEAR(EDATE(B2,-3))&"-"&TEXT(EDATE(B2,9),"yy")
```

तीन महिन्यांऐवजी ९० दिवस वजा करण्याची पद्धतही दिसते. ती लीप वर्षात एका दिवसापुरती फसते, आणि तो दिवस नेमका ३१ मार्च असतो: ३१ मार्च २०२४ मधून ९० दिवस गेले की १ जानेवारी २०२४ उरते आणि वर्षअखेरची बिले २०२४-२५ मध्ये जमा होतात. मिळालेल्या वर्षाला नाव देतानाही जपावे लागते. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात २०२३-२४ च्या उत्पन्नाचे कर निर्धारण वर्ष २०२४-२५ असते, त्यामुळे रकान्याच्या शीर्षकात आर्थिक वर्ष असे स्पष्ट लिहिलेले बरे. जुन्या वर्षांची नावे हाताने टाइप केली तर मूळचाच रोग परततो: `2011-12` एक्सेलला डिसेंबर २०११ वाटते. तो रकाना आधी मजकूर म्हणून ठरवून ठेवावा.

एवढे करूनही काही नोंदींचा पुरावा सापडत नाही. त्यांचा अंदाज बांधून त्या कोणत्या तरी वर्षात घालणे हे या पद्धतीच्या मर्यादेबाहेरचे आहे. मात्र वरील मोजणीमुळे त्यांची संख्या आटोक्यात राहते. गटवारी फक्त आर्थिक वर्षाची असेल, तर १३२ संदिग्ध तारखांपैकी ५४ तारखांच्या बिलांचीच मूळ प्रत मागवावी लागते. उरलेल्या ७८ कशाही वाचल्या तरी वर्षाची बेरीज तीच येते. जीएसटीसाठी महिनावार आकडे हवे असतील तर ही सवलत संपते आणि सर्व १३२ तारखा तपासाव्या लागतात. न सुटलेल्या नोंदी अनिर्णित अशा वेगळ्या गटात, त्यांच्या एकूण रकमेसह दाखवाव्यात. म्हणजे वर्षाची बेरीज जास्तीत जास्त किती रुपयांनी चुकू शकते, हे हिशेब तपासणाऱ्याला कळते.