बातम्या नेत्याचे गुण बदलत नाहीत, वजन बदलतात : ‘प्रायमिंग’ म्हणजे काय?

एखाद्या नेत्याबद्दल राय बनवताना आपण त्याची सगळी कामं आठवून हिशोब मांडत नाही. मनात जे ताजं असतं, त्याच मापाने आपण त्याला मोजतो. आणि काय ताजं राहणार, हे बरंचसं बातम्या ठरवतात. या असराला राज्यशास्त्रात ‘प्रायमिंग’ म्हणतात.

शाळेतल्या गुणपत्रिकेसारखं समजू या. एका नेत्याला आपण रोजगारासाठी १० पैकी ८ आणि परराष्ट्र धोरणासाठी ३ गुण देतो. रोजगाराला ८० टक्के आणि परराष्ट्र धोरणाला २० टक्के वजन दिलं, तर एकूण ७ गुण होतात. मग महिनाभर बातम्या फक्त परदेशाच्या आल्या आणि वजन ४० आणि ६० झालं, तर तोच नेता ५ वर येतो. दोन्ही विषयांतले गुण तेच राहिले, फक्त वजन बदललं.

असं खरंच घडतं का, हे तपासायची संधी १९८६ मध्ये अमेरिकेत आली. नोव्हेंबरमधल्या निवडणुकीनंतर तिथे मतदारांचं मोठं सर्वेक्षण चालू होतं. मुलाखती सुरू असतानाच, २५ नोव्हेंबरला, ॲटर्नी जनरल एडविन मीस यांनी जाहीर केलं की इराणला गुपचूप विकलेल्या शस्त्रांचा पैसा निकाराग्वातल्या ‘काँट्रा’ बंडखोरांकडे वळवला गेला. त्यामुळे काही लोकांच्या मुलाखती त्या दिवसाच्या आधी झाल्या होत्या आणि काहींच्या नंतर.

जॉन क्रॉस्निक आणि डोनाल्ड किंडर यांनी हे दोन गट ताडून पाहिले. त्यांचा अभ्यास १९९० मध्ये छापून आला. काँट्रांना मदत करावी की नाही, यावरचं मत आधीच्या गटात अध्यक्ष रेगन यांच्या एकूण मूल्यमापनाशी कमी जोडलेलं होतं. नंतरच्या गटात हे नातं बरंच घट्ट झालं. म्हणजे जो मसला कालपर्यंत कोपऱ्यात होता, तो नेत्याला जोखायची कसोटी बनला.

पण इथे एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. गॅब्रिएल लेन्झ यांनी २००९ मध्ये दाखवलं की असं नातं दुसऱ्या कारणानेही घट्ट होऊ शकतं. बातम्यांमधून लोकांना आपल्या पसंतीच्या नेत्याची भूमिका कळते आणि ते तीच उचलतात. तेव्हा वजन नव्हे, खुद्द मतच बदललेलं असतं. दोन्हीतला फरक ओळखायचा तर त्याच माणसांना बातमीच्या आधी आणि नंतर, दोनदा विचारावं लागतं.

हे आपण घरीही करू शकतो. निवडणुकीच्या बऱ्याच आधी आपल्या कसोट्या कागदावर लिहून ठेवू या : शाळा, पाणी, रोजगार, सुरक्षितता, जे आपल्याला महत्त्वाचं वाटतं ते. मतदानाच्या आदल्या दिवशी नवी यादी करून जुनीशी ताडून पाहू. एखादा मुद्दा वर चढला असेल तर विचारू, की आपल्या आयुष्यात काही बदललं, की फक्त टीव्हीवर?